‘पाठवा’ आणि ‘पाठवाल का?’

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या हाती येत असलेल्या या स्मरणिकेतील दोन पाने रिकामी राहण्याची वेळ आली होती. ती का रिकामी राहणार होती आणि शेवटी कशी भरली, ही हकिगत आजच्या विषयाशी निगडित आहे. म्हणून तिच्यापासूनच प्रारंभ करणे योग्य ठरेल.

स्मरणिकेचे संकलन करणाऱ्यांत शाळेची एक माजी विद्यार्थिनी होती. ती सध्या बंगळुरूला नोकरी करते. चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांकडे शाळेच्या जुन्या प्रदर्शनांचे फोटो आहेत हे तिला ठाऊक होते आणि ते देण्याचे सरांनी आनंदाने कबूलही केले होते. कामाच्या गडबडीत एके दिवशी तिने सरांना निरोप टाकला : ‘सर, फाईल पाठवा.’ दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी तिने अधिक अदबीने लिहावे म्हणून लिहिले : ‘सर, कृपया फाईल लवकरात लवकर पाठवावी.’ यावर सरांचे उत्तर एका शब्दाचे होते : ‘बरे.’ त्या ‘बरे’मधला थंडपणा तिला जाणवला. मग तिने दुसरे टोक गाठले : ‘सर, तुम्हाला त्रास द्यायचा नाही, पण कधी सवड झाली, तब्येत बरी असली, तर त्या फाईलचं जमलं तर बघा, अजिबात घाई नाही.’ सरांनी मनापासून उत्तर दिले, ‘अवश्य बघतो,’ आणि ते आठवडाभर मुलीकडे सुरतेला निघून गेले. त्यांचे काही चुकले नव्हते. घाई नाही असे तिनेच लिहिले होते.

तीन निरोप गेले, तीनही सद्हेतूने गेले आणि तीनही फसले. पहिला आज्ञा झाला, दुसरा नोटीस झाला आणि तिसऱ्यातून मागणीच नाहीशी झाली. चौथा निरोप कोणता गेला, हे पुढे येईल. त्याआधी हे तीन का फसले, ते पाहू.

‘पाठवा’ या शब्दात मुळात उद्धटपणा आहे काय? व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी क्रियापदाचे अर्थ पाठ केले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाठव’ आणि ‘पाठवा’ हे आज्ञार्थ. परंतु आज्ञार्थ म्हणजे दरवेळी अरेरावी नव्हे. दारात आलेल्या पाहुण्याला आपण ‘या, बसा, चहा घ्या’ असे म्हणतो. तीन क्रियापदे, तीनही आज्ञार्थी, आणि तरी याहून गोड स्वागत मराठीत नाही. तेथे ‘बसाल का? चहा घ्याल का?’ असे विचारणाऱ्या घरात पाहुणा अर्ध्या खुर्चीवरच बसेल. कारण बसण्याचा आणि चहाचा लाभ पाहुण्याचा आहे. ज्यात ऐकणाऱ्याचे सुख आहे, तेथे आग्रह हाच आदर असतो. फाईल पाठवण्याचे कष्ट मात्र ऐकणाऱ्याचे आणि लाभ मागणाऱ्याचा. शब्दाचे रूप तेच, पण कष्ट कोणाचे हे बदलले की त्या रूपाची चवही बदलते.

जवळिकीतही आज्ञार्थ खुपत नाही. ‘आई, डबा दे’ यात कोणाला उर्मटपणा दिसत नाही. उलट सकाळी सातला मुलगा ‘आई, मला डबा देशील का?’ असे म्हणाला, तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. जेथे नाते सगळे सांभाळून घेते, तेथे शब्दांनी अधिक सांभाळणे हे अंतर पाडणेच होय. आणि गॅसवर दूध उतू जात असताना ‘गॅस बंद कर!’ याखेरीज दुसरे वाक्यच नाही. मग अडचण कोठे येते? कष्ट दुसऱ्याचे, नाते घराबाहेरचे, आणि आणीबाणी काही नाही, अशा ठिकाणी. आपल्या कामकाजातील बहुतेक निरोप नेमके याच ठिकाणचे असतात.

त्यात आपण बडोदेकर. आपल्या कानांवर दिवसभर गुजराती पडते, आणि गुजरातीला एक सोय आहे जी प्रमाण मराठीला नाही. ‘मोकलो’ म्हणजे पाठवा. पण ‘मोकलजो’ म्हटले की ती आज्ञा आत्ताच्या क्षणावरून उठून पुढच्या वेळेवर जाऊन बसते आणि तेवढ्यानेच मऊ होते. निरोप घेताना आपण सारे ‘आवजो’ म्हणतो, तेही याच घडणीचे. हिंदीत ‘भेजिए’पुढे ‘भेजिएगा’ आहे. तेथेही भविष्यकाळाने आज्ञेची धार उतरते. आपल्याकडे वऱ्हाडात ‘येजो’, ‘करजो’ अशी रूपे बोलण्यात आहेत. पण पुस्तकी मराठीत ‘पाठवा’च्या पुढची पायरी प्रत्ययाने मिळत नाही. म्हणून ‘मोकलजो’ ऐकण्याची सवय असलेल्या शेजाऱ्याला आपले साधे, आदरार्थी ‘पाठवा’ही कोरडे वाटू शकते. मराठीने ती पायरी दुसऱ्या रीतीने बांधली आहे : भविष्यकाळ घ्यायचा आणि त्याला प्रश्नाची जोड द्यायची. ‘पाठवशील का?’, ‘पाठवाल का?’

हा ‘का’ लहान दिसतो, पण तो मोठे काम करतो. त्याने समोरच्याच्या हाती काहीतरी राहते. कोणी म्हणेल, वरिष्ठाने हाताखालच्याला ‘पाठवशील का?’ विचारणे हे नाटक आहे, कारण ‘नाही’ म्हणण्याची सोय तेथे कोठे आहे? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते हे दोघांनाही ठाऊक असते. पण ‘दुपारी दिली तर चालेल का?’ असे विचारण्याची सोय त्या प्रश्नाने होते. ‘पाठव’ला प्रत्युत्तर म्हणून हेच वाक्य उच्चारले, तर ते हुज्जत घातल्यासारखे ऐकू येते.

मात्र प्रश्नाचे रूप निवडताना क्रियापदाचा काळ जपावा लागतो. ‘पाठवाल का?’ हे इच्छेला विचारणे आहे. ‘पाठवता का?’ हे अधिक घरगुती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, हातासरशी होणाऱ्या कामासाठी ते शोभते. ‘पाठवणार आहात का?’ यात मात्र जाब विचारल्याचा सूर येतो, जणू न पाठवण्याचा संशय आहे. ‘पाठवाल ना?’ हे ज्याने आधी कबूल केले आहे त्यालाच विचारावे. ज्याने काहीच कबूल केलेले नाही, त्याला ते गळ घातल्यासारखे होते. आणि ‘पाठवू शकाल का?’ हे तर आजकाल कार्यालयीन मराठीत सर्रास झाले आहे.

या शेवटच्या रूपाविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण आपली मुले ते इंग्रजीतून घेऊन येतात. इंग्रजी क्रियापदाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद नाही. आपण मनात ‘पाठवा’ असे आदराने म्हणून ‘सेंड मी द फाईल’ लिहितो. ‘पाठवा’तील शेवटच्या ‘वा’मध्ये जो आदर होता, तो भाषांतरात वाटेतच गळून पडतो आणि इंग्रजी वाचणाऱ्याच्या हाती नुसते ‘पाठव’ पडते. परगावी नोकरीला गेलेल्या आपल्या कित्येक विद्यार्थ्यांविषयी ‘कामाचा आहे, पण बोलायला रुक्ष’ असे मत होते, त्यातले थोडे तरी या गळलेल्या ‘वा’चे असावे. इंग्रजी ती उणीव ‘कुड यू सेंड मी’ असे विचारून भरून काढते. तेथे ‘कुड’चा शब्दार्थ कोणी लक्षात घेत नाही, ती रूढ विनंती आहे. पण तेच मराठीत शब्दशः उतरवून ‘पाठवू शकाल का?’ केले, की प्रश्न समोरच्याच्या कुवतीवर जातो. ज्याच्यापुढे संगणक उघडा आहे आणि फाईलही त्यातच आहे, त्याला ‘शकाल का’ विचारण्यात काय अर्थ? सर प्रवासात असते, स्कॅन करण्याची सोय आहे की नाही याची शंका असती, तर ‘शकाल का’ अगदी योग्य होते. शक्यतेची खरोखर शंका असेल तेथे ‘शकाल का’; एरवी ‘पाठवाल का’ पुरे.

आता दुसरा निरोप : ‘कृपया फाईल लवकरात लवकर पाठवावी.’ हा विध्यर्थ. ‘पाठवावी’ हे रूप फाईलच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. लेख असेल तर पाठवावा, फोटो अनेक असतील तर पाठवावेत. म्हणजे क्रियापदाने आपले तोंड माणसाकडून वस्तूकडे वळवले आहे. कोणी पाठवावी, याला वाक्यात जागा नसली तरी चालते. म्हणूनच ‘पादत्राणे बाहेर काढावीत’, ‘शुल्क मुदतीत भरावे’ असे फलकांवर आणि परिपत्रकांत ते शोभते. तेथे शंभर अनोळखी माणसांना एकच गोष्ट सांगायची असते आणि कोणा एकाकडे बोट दाखवायचे नसते. कार्यालयीन पत्रात त्याला ‘ही विनंती’ अशी जोड दिली की ते रीतसर होते. पण ज्या सरांनी हात धरून तिला रेष ओढायला शिकवले, त्यांना ‘पाठवावी’ असे लिहिले की सर त्या वाक्यातून बाहेर पडतात आणि फलक तेवढा उरतो. ‘कृपया’नेही तेथे मदत केली नाही. ‘कृपया शांतता राखा’ या पाट्यांमुळे आपल्या कानांना तो शब्द पाटीचाच वाटू लागला आहे. आणि ‘लवकरात लवकर’ तर सर्वांत वाईट. त्यात वेळ सांगितलेली नाही, नुसती टोचणी आहे. शुक्रवारी संध्याकाळी असे सांगितले तर माणूस आपला दिवस मांडू शकतो. ‘लवकरात लवकर’ असे सांगितले तर तो फक्त अपराधी होऊ शकतो.

तिसऱ्या निरोपाबद्दल पालकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण सभ्य घरांतून हाच दोष अधिक आढळतो. आडवळणाने बोलणे म्हणजेच सभ्यता, अशी एक समजूत आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शोशाना ब्लूम-कुल्का यांनी १९८७ साली याविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हिब्रू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे त्यांनी मागणीची निरनिराळी वाक्ये ठेवली : उघड आज्ञेपासून ते नुसत्या सूचक बोलण्यापर्यंत. कोणते वाक्य किती आडवळणाचे आणि कोणते किती सभ्य, हे त्यांनी वेगवेगळे विचारले. सर्वांत आडवळणाचे होते ते सूचक बोलणे. पण सर्वांत सभ्य ते ठरले नाही. तो मान ‘कुड यू’सारख्या रूढ, प्रश्नार्थी विनंतीला मिळाला. याचे कारण आपल्या अनुभवातूनही सापडते. सूचक बोलण्यात ऐकणाऱ्यालाच अर्थ शोधण्याचे कष्ट पडतात. नक्की काय हवे, किती निकडीचे आहे, नाही केले तर बिघडेल का, हे सारे त्याने ओळखायचे. मागणाराचा संकोच वाचतो आणि श्रम समोरच्यावर ढकलले जातात. याला सौजन्य म्हणणे कठीण आहे.

आपली विद्यार्थिनी दोन गोष्टींची गल्लत करत होती. निरोपाचा स्पष्टपणा कशात असतो? कोणती वस्तू, कोणते काम, कोणत्या वेळेपर्यंत, यात. आणि निरोपाची धार कशात असते? क्रियापदाच्या रूपात आणि समोरच्याला दिलेल्या किंवा न दिलेल्या मोकळीकीत. या दोन गोष्टी वाक्यात वेगवेगळ्या जागी राहतात. धार कमी करायची तर क्रियापद बदलावे; वस्तू आणि वेळ यांना हात लावू नये. तिने पहिल्या खेपेला काहीच केले नाही, आणि तिसऱ्या खेपेला क्रियापद सोडून बाकी सगळे मऊ केले. ‘बघा’ हा आज्ञार्थ तसाच राहिला. विरघळली ती वेळ.

मराठीचे छोटे शब्दही येथे जपून वापरावे लागतात. ‘तेवढी फाईल पाठवाल का?’ यातील ‘तेवढी’ने मागणी लहान होते, एवढेच एक काम उरले आहे असा भाव येतो. पण काम खरोखर लहान असेल तरच. सरांनी ट्रंक उघडून जुने अल्बम काढायचे, एकेक फोटो स्कॅन करायचा, आणि आपण म्हणायचे ‘तेवढी’! तेथे तो शब्द त्यांच्या कष्टांचा उपमर्द करतो. ‘पाठवा ना’ यातील ‘ना’ लाडिक आहे. मैत्रिणीला चालेल, साहेबांना चालणार नाही. ‘पाठवा की’ हे काही भागांत प्रेमाचे असते, तर काही भागांत चिडल्याचे. लिहिताना आवाज ऐकू जात नाही, म्हणून ते टाळलेले बरे. ‘पाठवून द्या’मध्ये ‘देणे’ आल्याने आपल्यासाठी काही केले जात आहे, ही जाणीव राहते. त्याऐवजी ‘पाठवून टाका’ लिहिले की काम उरकून कटकट मिटवण्याचा भाव आला. एका सहायक क्रियापदाचा फरक आहे, पण ज्याने त्या कामात जीव ओतला आहे त्याला तो तत्काळ कळतो.

आता चौथा निरोप. तो लिहिण्याआधी तिला एका वडीलधाऱ्या माणसाने एवढेच विचारले, ‘तुझा पहिला निरोप वाचून सरांना उलट प्रश्न विचारावा लागला असता की नाही?’ तिने निरोप पुन्हा वाचला आणि तिच्या ध्यानात आले की सरांकडे फाईल एक नव्हतीच. फोटोंची एक, आणि त्यांनी स्मरणिकेसाठी लिहिलेल्या लेखाची दुसरी. ‘फाईल पाठवा’ हे वाक्य आखूड होते म्हणून ते तिला स्पष्ट वाटले होते. प्रत्यक्षात त्यात कोणती हे नव्हते, केव्हा हे नव्हते, कशासाठी हेही नव्हते. तिने लिहिले :

‘सर, नमस्कार. चित्रकला प्रदर्शनाच्या फोटोंची फाईल शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवाल का? शनिवारी सकाळी पानं छापखान्यात जाणार आहेत आणि तुमच्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. सगळे फोटो स्कॅन झाले नसतील तर झाले तेवढे पाठवले तरी चालतील. लेखाची घाई नाही, तो पुढच्या आठवड्यात दिला तरी चालेल.’

या निरोपात ‘कृपया’ नाही, ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ नाही, ‘शकाल का’ नाही. मागणी पहिल्याच वाक्यात आहे आणि तिची वस्तू व वेळ दोन्ही ठाम आहेत. मऊ आहे ते फक्त क्रियापद. कारण एका वाक्यात संपते. कारण लांबले की ते सबबीसारखे वाटू लागते. त्यानंतर येते ती मोकळीक, आणि ती खरी मोकळीक आहे. ‘वेळ मिळाला तर’ यात सरांना काही मिळत नव्हते. ‘झाले तेवढे’ यात मिळाले. ‘घाई नाही’ हे शब्द या निरोपातही आहेत, पण ज्या कामाची खरोखर घाई नाही त्याच कामाला ते लावले आहेत.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. एकाच माणसाला दिवसातून दहा निरोप ‘पाठवाल का, बघाल का, कराल का’ असे गेले, तर तो ‘का’ झिजून जातो आणि वाचणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो. सोबत रोज काम करणाऱ्यांत पहिली विनंती नीट झाली की पुढे ‘दुसरे पानही पाठवा’ हे पुरते. आणि कष्ट फार मोठे असतील, तर कोणत्याही रूपाने ते लहान होत नाहीत. तेथे निरोप पाठवू नये, फोन करावा किंवा भेटायला जावे. निरोप बिघडल्याची खूण उत्तरात दिसते. ‘बरे’, ‘हो’, ‘ठीक’ असे तुटक उत्तर उशिरा आले तर बहुधा धार लागलेली असते. ‘अवश्य’, ‘नक्की बघतो’ असे भरघोस उत्तर आले आणि त्यात वार किंवा वेळ नसेल, तर मागणी पोहोचलेलीच नसते.

सर सुरतेहून गुरुवारी परतले. त्याच रात्री त्यांनी बावीस फोटो पाठवले. आपण पाहत असलेल्या त्या दोन पानांवर त्यांतले नऊ आहेत. बाकीच्यांना जागा पुरली नाही. फोटोंखाली सरांनी लिहिले होते : ‘कोणती फाईल ते आधी कळले नव्हते. मिळाली का, तेवढे कळव.’